कट वाढवून लोक थांबत नाहीत: एक्स्प्लेनर व्हिडिओच्या पेसिंगबद्दल सविस्तर

प्रश्न: "विज्ञानाचे एक्स्प्लेनर करतो. 'फ्रिज थंड कसं करतो' यावर ९ मिनिटं ४० सेकंदांचा व्हिडिओ टाकला. आधी चॅनेलची ओळख, थोडा इतिहास, मग फ्रिजचे चार भाग, मग पूर्ण चक्र. दर तीन-चार सेकंदांनी कटअवे, म्हणजे चेहऱ्यावरून दुसऱ्या चित्रावर जाणं आहे, जवळजवळ प्रत्येक वाक्य स्क्रीनवर टेक्स्ट म्हणून येतं. तरी ३० सेकंदांना ४८ टक्केच लोक उरतात, २:२० ला मोठी घसरण आहे, आणि ५:५० ला मात्र ग्राफ उलट वर जातो. अजून फास्ट कट करू का?"

नको. तुम्ही जी माहिती दिलीये त्यावरून तरी कट कमी आहेत असं कुठेच दिसत नाही, उलट जरा जास्तच आहेत. बघणारा माणूस चित्र स्थिर आहे म्हणून सहसा जात नाही, त्याच्या डोक्यात त्या क्षणी कुठलाच प्रश्न उरलेला नसतो म्हणून जातो. मी बरीच वर्षं दुसऱ्यांचे एक्स्प्लेनर एडिट करतोय आणि पेसिंग बिघडलंय म्हणून जे व्हिडिओ माझ्याकडे येतात त्यातल्या बहुतेकांचा घोळ टाइमलाइनवर नसतो, स्क्रिप्टच्या क्रमात असतो. तुमचंही तसंच वाटतंय. त्यामुळे आधी ग्राफ, मग क्रम, आणि कट-टेक्स्ट वगैरे शेवटी.

ग्राफ वाचताना पहिली गोष्ट लक्षात ठेवा, घसरण जिथे दिसते तिथे कारण नसतं, कारण त्याच्या थोडं आधी असतं. माणूस कंटाळला की लगेच बंद करत नाही, पाच-दहा सेकंद संधी देतो, मग जातो. म्हणजे २:२० ची घसरण बघायची असेल तर २:०५ पासून प्ले करा. तिथे काय आहे? तुमच्या क्रमावरून माझा अंदाज असा की तिथे इतिहास संपतो आणि "फ्रिजचे मुख्य चार भाग असतात, कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी आणि इव्हॅपोरेटर, आता एकेक भाग बघूया" असं काहीतरी येतं. बरोबर असेल तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे.

दुसरं म्हणजे घसरणीचा आकार. ग्राफ खाली जाऊन थोड्या वेळाने परत वर आला तर लोकांनी तो भाग पुढे सरकवलाय, व्हिडिओ सोडलेला नाही. खाली जाऊन तिथेच राहिला तर लोक खरंच गेले. आणि वर जाणारा टेकडीसारखा भाग म्हणजे लोक मागे येऊन तो तुकडा पुन्हा बघतायत किंवा थेट तिथेच उडी मारतायत. आता पुन्हा बघण्याची कारणं दोन असतात, एक तर ते भारी आहे, नाहीतर ते एका झटक्यात कळलं नाही. तुमची ५:५० ची टेकडी म्हणजे बहुतेक पूर्ण चक्राची आकृती असणार. तीन-चार सेकंदात कट करायचा नियम तुम्ही तिथेही पाळला असेल तर लोक ती आकृती वाचायला मागे येतायत, कौतुकाने नाही. ग्राफमध्ये हे दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे वर गेलेल्या रेषेवर लगेच खूश होऊ नका.

४८ टक्क्यांबद्दल मात्र ठाम काही बोलणं अवघड आहे. लोक कुठून आले त्यावर ते खूप अवलंबून असतं. सर्चमधून आलेला माणूस कामाने आलेला असतो, त्याला उत्तर मिळालं की तो जातो आणि त्यात तुमची काही चूक नसते. होमपेजवरून किंवा सजेस्टेडमधून आलेला माणूस थंबनेल बघून कुतूहलाने आलेला असतो, त्याला आपण बरोबर ठिकाणी आलोय का हे पहिल्या काही सेकंदातच कळायला हवं असतं. यूट्यूब स्टुडिओत ट्रॅफिक सोर्सप्रमाणे वॉच टाइमचे आकडे वेगळे बघता येतात, ते बघा. आणि तुलना करायची तर स्वतःच्याच साधारण तितक्याच लांबीच्या व्हिडिओंशी करा, दुसऱ्या कुणी स्क्रीनशॉट टाकलाय त्याच्याशी नको. तरीही, चॅनेलची ओळख आणि मग इतिहास हे ज्या व्हिडिओच्या सुरुवातीला आहे तिथे सोर्स कुठलाही असो, गळती होणारच.

आता क्रमाकडे येतो, माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडेल.

भागांची यादी आधी देणं हे पुस्तकात ठीक असतं, कारण पुस्तकात वाचणारा मागेपुढे करू शकतो. व्हिडिओत यादी म्हणजे बघणाऱ्याला चार नावं हातात धरून उभं राहायला सांगणं, आणि ती कशासाठी धरायची हे त्याला अजून माहीतच नाही. त्याऐवजी प्रत्येक भाग एका अडचणीचं उत्तर म्हणून आला पाहिजे. अडचण आधी, भाग नंतर. पटकथा लिहिणारे लोक एक जुनी चाचणी वापरतात, दोन प्रसंगांच्या मध्ये "आणि मग" येत असेल तर गोष्ट ढिली आहे, "पण" किंवा "म्हणून" येत असेल तर ती पुढे ओढते. एक्स्प्लेनरला ही चाचणी जशीच्या तशी चालते. तुमच्या स्क्रिप्टचे भाग एका कागदावर एकेका ओळीत लिहा आणि मध्ये कुठला शब्द बसतो ते बघा. "हा कॉम्प्रेसर, आणि मग हा कंडेन्सर, आणि मग ही कॅपिलरी" असं होत असेल तर तुमची २:२० ची दरी तिथेच आहे.

फ्रिजचा विषय या बाबतीत खरं तर फार चांगला आहे, कारण त्यात अडचणी आपोआप एकातून एक निघतात. मी असा मांडेन.

सुरुवात अशी: "बंद खोलीत फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली थंड होईल का? नाही. उलट थोडी गरम होईल." बास. नमस्कार नाही, ओळख नाही, लोगो नाही. चित्रात उघडा फ्रिज आणि त्याच्यासमोर एक थर्मामीटर. यात उत्तर लगेच देऊन टाकलंय हे मुद्दाम आहे. "शेवटपर्यंत बघा म्हणजे कळेल" असं लटकवून ठेवलं की लोक चिडतात, पण उत्तर सांगून कारण मागे ठेवलं की तेच लोक थांबतात, कारण आता त्यांना एक विचित्र गोष्ट माहीत आहे आणि ती का होते हे माहीत नाही. शिवाय थंबनेल आणि टायटलमध्ये जे वचन दिलं ते पहिल्या दहा सेकंदात डोळ्यांना दिसलं पाहिजे. फ्रिजवर क्लिक केलं तर फ्रिज दिसू दे.

२५ सेकंदांच्या आसपास मुख्य विधान: फ्रिज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. इथे मागची जाळी किंवा बाजूची भिंत गरम लागते ते दाखवा (बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये कंडेन्सरच्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात, त्यामुळे मागे जाळी दिसत नाही, हे एका वाक्यात सांगून टाका, नाहीतर कमेंटमध्ये तेच येईल). मग पहिली अडचण. उष्णता आपणहून गरमाकडून थंडाकडे जाते, आणि आत ४ अंश, बाहेर ३० अंश. म्हणजे उष्णता उलटी चढवायची आहे. कशी?

म्हणून आतल्या हवेपेक्षाही थंड असं काहीतरी आत फिरवायला हवं. इथे हातावर सॅनिटायझर घेऊन दाखवा, उडून जाताना गार लागतं, कारण वाफ होताना तो हाताची उष्णता घेऊन जातो. मग आयसोब्युटेन, जो आजच्या अनेक घरगुती फ्रिजमध्ये असतो आणि साध्या हवेच्या दाबाला साधारण उणे १२ अंशांनाच उकळतो. तो जिथे उकळून आतली उष्णता ओढून घेतो त्या नळ्यांना इव्हॅपोरेटर म्हणतात. बघा, नाव सगळ्यात शेवटी आलं, तोवर बघणाऱ्याला ती वस्तू कशाला हवी हे कळलेलं आहे, त्यामुळे नाव लक्षात ठेवायला कष्ट पडत नाहीत.

पण हा वायू उष्णता घेऊन निघाला तरी स्वतः थंडच आहे, ३० अंशांच्या खोलीला तो उष्णता देणार कशी? म्हणून त्याला खोलीपेक्षा गरम करायला हवं, म्हणून दाबायचा, म्हणून कॉम्प्रेसर. सायकलचा पंप जोरात मारल्यावर खाली गरम लागतो तो शॉट इथे लावा. आता तो गरम आहे, म्हणून खोलीला उष्णता देतो आणि देता देता द्रव होतो, तो कंडेन्सर. पण आता हा द्रव जास्त दाबाखाली आहे आणि कोमट आहे, असाच आत पाठवला तर आतलं सामान गरम करेल. म्हणून त्याला एका अतिशय बारीक नळीतून काढून दाब एकदम उतरवायचा, दाब उतरला की त्यातला थोडा लगेच उकळतो आणि बाकीचा थंड होतो, ही कॅपिलरी. आणि आपण परत पहिल्या जागी आलो. चारही भाग तेच, माहिती तीच, फक्त आता प्रत्येकाच्या आधी एक "पण" किंवा "म्हणून" आहे.

तुमचा इतिहास फेकून देऊ नका, त्याची जागा बदला. जेकब पर्किन्सने या पद्धतीच्या यंत्राचं पेटंट १८३४ मध्ये घेतलं होतं. सुरुवातीला ही एक कोरडी तारीख आहे. पण पूर्ण चक्र एकदा समजल्यावर "हे जे फिरताना बघितलं ते मूळ चक्र १८३४ च्या पेटंटमध्ये आहे" असं म्हटलं की तीच तारीख ऐकणाऱ्याला चमकवते. शिवाय अवघड भागानंतर डोक्याला थोडी सुटी मिळते. अवघड, मग हलकं, मग परत अवघड, असं चढउतार राहिलं पाहिजे, नाहीतर सगळं एकाच पट्टीत ऐकून कान मिटतात.

शेवट दाराकडे. मागून बाहेर पडणारी उष्णता म्हणजे आतून उचललेली उष्णता अधिक कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज. दार उघडं असेल तर आतून उचललेली उष्णता याच खोलीतली, ती फिरून इथेच येते, आणि वर विजेची भर पडते. म्हणून खोली गरम. संपलं. माझ्या हिशोबाने हा सगळा व्हिडिओ साधारण सव्वासात मिनिटांचा होतो, आणि तो छोटा करायचा म्हणून छोटा झाला नाही, ओळख आणि यादी गेली म्हणून झाला.

क्रम असा बसला की मग कटअवे. कटअवेची मला खरी कामं तीनच वाटतात: जे बोलतोय ते दाखवणं, जे बोलतोय त्याचा पुरावा देणं, आणि चेहऱ्यावरचा जंप कट, म्हणजे मधलं बोलणं कापल्यावर दिसणारा झटका, झाकणं. "ऊर्जा" म्हटलं की आकाशात वीज चमकते, "विज्ञान" म्हटलं की परीक्षानळीत निळं पाणी, असं स्टॉक फुटेज यातलं एकही काम करत नाही. आणि त्याचा तोटाही आहे, बघणारा प्रत्येक नव्या चित्रात "याचा इथे काय संबंध" हे नकळत शोधतो, तेवढ्यात तुमचं अर्धं वाक्य निघून जातं. दर तीन सेकंदांनी असं झालं तर बिचारा फक्त चित्रं ओळखत बसतो. तुमच्या व्हिडिओत चित्र वेगात आहे आणि समजणं मंद आहे असं मला वाटतं ते यामुळेच.

तपासायचं सोपं आहे. आवाज पूर्ण बंद करून व्हिडिओ बघा आणि प्रत्येक कटअवेला स्वतःला विचारा, हे काढलं तर काही हरवेल का? मग स्क्रीन झाकून फक्त आवाज ऐका, जिथे "हे असं वर जातं आणि इकडून तिकडे" असं ऐकू येतं पण काही कळत नाही, तिथे खरा कटअवे हवाय. बहुतेकांच्या व्हिडिओत असं निघतं की जिथे गरज नाही तिथे दहा चित्रं आणि जिथे गरज आहे तिथे एक, तेही घाईत.

किती वेळ ठेवायचा याला एक आकडा नाही. ओळखीची वस्तू, म्हणजे पंप, थर्मामीटर, दोन-तीन सेकंदात कळते. आकृती कळायला दहा-पंधरा सेकंदही लागतात आणि तेवढा वेळ ती हलू देऊ नका. आकृती पूर्ण एकदम टाकण्यापेक्षा बोलण्याबरोबर बांधत न्या, आधी इव्हॅपोरेटर, मग त्याला जोडून कॉम्प्रेसर, असं. मग ती पंधरा सेकंद एकाच जागी असली तरी स्थिर वाटत नाही, कारण बघण्यासारखं काहीतरी दर वाक्याला येतंय. तुमच्या ५:५० ला हाच उपाय आहे, आधीच बांधत आणलेली आकृती, एक पूर्ण फेरा, सावकाश, वीस-पंचवीस सेकंद, आणि त्या वेळी दुसरं काहीही नको.

अजून एक गोष्ट, ही फारशी कुणी सांगत नाही पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडते. वाक्य संपलं, त्याच क्षणी चित्र बदललं, त्याच क्षणी म्युझिकही थांबलं, तर बघणाऱ्याला "संपलं" असं वाटतं आणि बोट आपोआप स्क्रीनकडे जातं. विषय बदलताना बहुतेक लोक नेमकं असंच करतात, वर एक ट्रान्झिशन आणि हूश करून आवाज. त्याऐवजी शिवण पुढेमागे करा. पुढच्या भागाचं वाक्य आधीच्याच चित्रावर सुरू होऊ द्या आणि चित्र एखाद्या सेकंदाने बदला, याला जे-कट म्हणतात. किंवा आधीचं बोलणं नव्या चित्रावर सांडू द्या, तो एल-कट. सगळ्या गोष्टी एकत्र संपत नाहीत, त्यामुळे उठून जायला जागाच मिळत नाही.

कॉम्प्रेसरच्या जागी मी प्रत्यक्ष कसं लावेन ते सांगतो, म्हणजे नुसतं हवेत राहणार नाही.

इव्हॅपोरेटरच्या आकृतीवर, ती तशीच असताना, आवाज येतो: "उष्णता उचलली खरी, पण एक घोळ आहे." घोळ या शब्दावर माझा चेहरा. "हा वायू अजून थंडच आहे. आणि बाहेर खोली ३० अंशांची." साधारण पाच सेकंद चेहराच ठेवतो, कारण इथे दाखवण्यासारखं काही नाही, विचार करायला लावायचंय, आणि त्यासाठी माणसाचा चेहरा सगळ्यात चांगला. मग एक सेकंद गप्प. हा सेकंद कापू नका, याच सेकंदात बघणारा स्वतः म्हणतो "हो, मग कसं?" त्यानंतर चेहऱ्यावरच "त्याला खोलीपेक्षा" एवढं बोलतो आणि मधेच पंपाचा क्लोजअप येतो, "गरम करायचं. दाबून." पंपाच्या खरखरीचा खरा आवाज, दोन-अडीच सेकंद, मग पंपाच्या तळाला बोट लावून झटकन मागे घेतलेला शॉट, यावर मी काहीच बोलत नाही. मग आकृती परत येते, त्याच जागी, त्याच आकाराची, आणि फक्त एक नवा डबा जोडला जातो. त्याच्या शेजारी एकच शब्द उमटतो, कॉम्प्रेसर. "हे काम करतो तो कॉम्प्रेसर." आकृती पुढचे दहा सेकंद तशीच. या तुकड्यात चारच कट आहेत, आणि ढिलं वाटत नाही.

यातच एक मराठीपुरतं बघायला मिळतं. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणजे वाक्य संपेपर्यंत नक्की काय होतंय ते सांगितलेलंच नसतं. चित्रात ते आधीच घडलं तर वाक्याचा शेवट शिळा होतो, आणि चित्र वाक्य संपल्यावर आलं तर उशीर होतो. मी वस्तू नामाबरोबर दाखवतो आणि हालचाल क्रियापदाबरोबर सुरू करतो. "द्रव या बारीक नळीतून" इथपर्यंत नळी दिसते, "बाहेर पडतो" याला तो पडतो. अर्ध्या सेकंदाचा फरक असतो पण कळतो. आणि लांबलचक वाक्यं, जोडीला "जे की", "ज्यामुळे", अशी स्क्रिप्ट असेल तर हे जमतच नाही, मग एडिटिंगमध्ये डोकं फोडण्यापेक्षा वाक्य तोडून पुन्हा रेकॉर्ड केलेलं बरं.

टेक्स्टबद्दल माझं मत जरा कडक आहे: तुमचं ऐंशी-नव्वद टक्के टेक्स्ट काढून टाका. जे कानावर पडतंय तेच शब्द स्क्रीनवर आले की माणूस वाचतो, त्याचा वाचनाचा वेग तुमच्या बोलण्याच्या वेगाशी जुळत नाही, तो वाक्य तुमच्या आधी संपवतो आणि मग तुम्ही संपवायची वाट बघतो. किंवा वाचण्यात अडकून आकृती बघायचीच राहते. शिकण्याच्या मानसशास्त्रात रिचर्ड मायर यांच्या संशोधनात यावर बरंच काम आहे, चित्र आणि निवेदन असताना तेच निवेदन अक्षरांत पुन्हा दाखवलं की समजण्यात सहसा भर पडत नाही, उलट अडथळा होतो. अपवाद आहेत. ऐकणाऱ्याची भाषा वेगळी असेल, ऐकू कमी येत असेल, किंवा लोक आवाज बंद करून बघत असतील तर पूर्ण शब्द लागतात, पण त्यासाठी कॅप्शन फाइल अपलोड करा. ज्याला हवं तो चालू करेल. चित्रावर जाळलेलं टेक्स्ट कुणालाच बंद करता येत नाही.

मग टेक्स्ट कशाला? जे कानाला धरता येत नाही त्याला. आकडे, नवीन संज्ञा, विशेषनाम, आणि आकृतीतल्या भागांची लेबलं. फ्रिजच्या व्हिडिओत माझ्या मते चार भागांची नावं, ४ अंश आणि ३० अंश, उणे १२ अंश, आयसोब्युटेन, १८३४, आणि शेवटच्या हिशोबाची एक ओळ, एवढंच टेक्स्ट लागेल. किती वेळ ठेवायचं तर स्वतः सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ, आणि ४ आणि ३० हे दोन आकडे मात्र अडचण सुटेपर्यंत काढूच नका, कारण पुढची दोन मिनिटं सगळा वाद त्यांचाच आहे.

जागेचं म्हणाल तर लेबल त्या वस्तूला चिकटून हवं. आकृती वर आणि नाव खाली कोपऱ्यात असलं की डोळा टेनिस बघितल्यासारखा फिरतो. खालचा पट्टा तसाही मोकळा ठेवा, तिथे कॅप्शन येतात आणि स्क्रीनला हात लावला की प्रोग्रेस बार येतो. आणि देवनागरीत वर वेलांट्या, रफार, खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींमध्ये अंतर जास्त लागतं, सॉफ्टवेअरची डीफॉल्ट सेटिंग बहुतेक वेळा रोमन अक्षरांच्या हिशोबाची असते. बारीक फॉन्ट फोनवर शिरोरेषेतच विरघळतो, जाड घ्या. अक्षर-अक्षर टाइप होत येणारं अॅनिमेशन देवनागरीत वापरू नका, जोडाक्षरं मधेच फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी उड्या मारते. काही टूल्स एक्स्पोर्टमध्येही जोडाक्षरं फोडतात, तेव्हा प्रीव्ह्यूवर विश्वास न ठेवता फाइनल फाइल फोनवर एकदा बघा.

बोलण्याच्या वेगाचं थोडक्यात. ओळखीचा भाग वेगात चालतो, नवी कल्पना आली की वेग उतरवा आणि तिच्यानंतर श्वास सोडा. सगळे पॉज ऑटोमॅटिक कापणारं टूल वापरत असाल तर ते हातात आलेला हा चढउतारच सपाट करून टाकतं. श्वासाचे, अडखळण्याचे पॉज कापा, विचाराचे ठेवा. दोन्हीतला फरक टूलला कळत नाही, ऐकूनच ठरवावं लागतं.

आणि शेवट. "तर मित्रांनो, आज आपण पाहिलं की" हे शब्द ऐकले की अर्धे लोक गेलेच समजा. उजळणी हवी असेल तर ती आकृतीच्या पूर्ण फेऱ्यात झालेली आहे, तिथे तिचं कामही आहे. शेवटी दाराचा हिशोब लागला की थेट एन्ड स्क्रीन, ती ५ ते २० सेकंदांची ठेवता येते, आणि त्यावर गप्प बसण्यापेक्षा पुढच्या व्हिडिओचं कारण याच हिशोबातून काढा. उदाहरणार्थ, "मग एसी खोली थंड कशी करतो? त्याची मागची बाजू खिडकीबाहेर असते." हे आत्ताच समजलेल्या गोष्टीवर उभं आहे, त्यामुळे जोर लावून सबस्क्राइब म्हणावं लागत नाही.

थोडक्यात क्रम लावायचा तर आधी स्क्रिप्टच्या कागदावर "पण" आणि "म्हणून" बसवा, मग फक्त आवाज ऐकून कुठे चित्र लागतं ते ठरवा, मग शिवणी पुढेमागे करा, आणि टेक्स्ट सगळ्यात शेवटी, कमीत कमी. एकाच वेळी सगळं बदलणार असाल तर पुढच्या व्हिडिओत कशाने फरक पडला ते कळणार नाही, त्यामुळे मी तरी आधी फक्त क्रम आणि सुरुवात बदलून बघेन. रिटेन्शनचा डेटा, म्हणजे हा ग्राफ, यायला एक-दोन दिवस लागतात, पहिल्या तासाच्या आकड्यावरून काही ठरवू नका. शिवाय सुरुवातीला जुने सबस्क्राइबर जास्त असतात, ते तसेही जास्त थांबतात, त्यामुळे थोड्या दिवसांनी अनोळखी लोक आले की ग्राफ खाली सरकतो, तो खरा.

आत्ताच्या व्हिडिओचं म्हणाल तर तीच लिंक ठेवून फाइल बदलता येत नाही, पण स्टुडिओच्या एडिटरमध्ये मधले तुकडे ट्रिम करता येतात. चॅनेलची ओळख आणि सुरुवातीचा इतिहास तिथूनच काढून टाका. जोड कुठे दिसतो ते मात्र सेव्ह करायच्या आधी दोनदा ऐका, वाक्याच्या मधे तुटलं तर इतिहासाचा एखादा शब्द लोंबकळत राहतो. चार भागांच्या यादीला हात लावू नका, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे, ती काढली तर उरलेला व्हिडिओ कुणालाच कळणार नाही.